पाच हजार परत मिळतात तेव्हा

‘अगरवालजी, इटालियन मार्बलचं सॅम्पल उद्या सकाळी साइटवर पाठवू का?’ असा मेसेज दुपारी अडीच वाजता येतो. नंबर अनोळखी. डीपीत चाळिशीच्या आतली, नीटनेटकी बाई. आपण अगरवाल नाही आणि आपल्या घरचा ओटासुद्धा कडाप्प्याचा आहे. तरी समोरच्याचे सॅम्पल भलतीकडे जाऊ नये म्हणून आपण ‘राँग नंबर’ एवढे दोन शब्द लिहितो. त्यावर लगेच उत्तर येते : ‘सॉरी सर, असिस्टंटने नंबर चुकीचा सेव्ह केला. आजकाल कोणी एवढं सांगायचे कष्टही घेत नाही. तुम्ही फार सज्जन दिसता.’

चाळणी लागली ती इथेच. असे मेसेज हजारोंनी सुटतात. बहुतेक लोक ते पाहतही नाहीत, काही जण ब्लॉक करतात, काही शिवी हासडतात. उत्तर देणारे थोडे उरतात आणि त्यांच्याबद्दल तीन गोष्टी फुकटात कळलेल्या असतात. नंबर चालू आहे, माणसाला वेळ आहे आणि त्याला कोणाशी तुटक वागणे जमत नाही. फसलेल्यांना आपण सरसकट लोभी म्हणून मोकळे होतो, पण या फसवणुकीत पहिली निवड लोभाची होत नाही, भिडस्तपणाची होते.

पुढचे दोन-तीन आठवडे पैशाचा विषयही निघत नाही. ‘चहा झाला का सर?’, ‘आज इथे पाऊस’, हॉटेलातल्या नाश्त्याचा फोटो, आजारी आईची काळजी असे चालते. हा संथपणा मुद्दाम ठेवलेला असतो. चीनमध्ये या धंद्याला जे नाव पडले त्याचा अर्थच मुळी डुकराला खाऊ घालून पोसायचे आणि मग कापायचे असा आहे. इंटरपोलने डिसेंबर २०२४ मध्ये हा शब्द वापरू नका असे आवाहन केले. स्वतःला डुक्कर म्हणवून घ्यायला कोण तक्रार करायला पुढे येईल, हा त्यांचा मुद्दा आम्हाला पटतो. मराठीत त्या शब्दाचे भाषांतर करण्याचीही गरज नाही. विश्वास कमावून केलेला घात आपल्या भाषेला नवा नाही.

अनेक तक्रारींत तीच ती वळणे पुन्हा पुन्हा दिसतात. ती जोडून एक नमुना मांडतो. माणूस कल्पित आहे, पायऱ्या खऱ्या आहेत. पुण्यातले एक गृहस्थ, वय ६१, सरकारी नोकरीतून निवृत्त. बायको वर्षभरापूर्वी गेली, मुलगा परदेशात. मार्बलवाल्या बाईशी ओळख जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. महिनाअखेरीस एके दिवशी ती सहज म्हणते, ‘आज मूड छान आहे. काकांनी सांगितलेला ट्रेड लागला.’ हे काका शेअर बाजारातले जुने जाणकार. त्यांच्याकडे मोठ्या संस्थांसाठीचे खाते आहे, त्यातून शेअर बाजारभावापेक्षा स्वस्तात मिळतात. ती पैसे मागत नाही, उलट ‘माझ्याकडे देऊ नका, स्वतःच्या खात्यातून करा, मी फक्त शिकवते’ असे म्हणते. हे वाक्य पटकन पटते, कारण ठग पैसे मागतो हे आपल्या मनात पक्के बसलेले असते. मग एक लिंक येते. प्ले स्टोअरबाहेरची फाइल उतरवून एक ॲप बसते. नाव आणि लोगो एखाद्या नामांकित परदेशी गुंतवणूक कंपनीशी मिळतेजुळते.

गृहस्थ वीस हजार भरतात. चार दिवसांत स्क्रीनवर २३,४०० दिसतात. शंका म्हणून ते पाच हजार काढायला टाकतात आणि तासाभरात पाच हजार त्यांच्या बँक खात्यात जमा होतात. एसएमएस येतो, पासबुकातही नोंद उमटते.

साऱ्या फसवणुकीचा कणा म्हणजे ही नोंद. इथपर्यंत माणूस सावध असतो आणि आपण कसोटी लावली असे त्याला वाटते. ‘पैसे परत येतात का’ हीच कसोटी कोणताही शहाणा माणूस लावेल, म्हणून समोरच्यांनी तिचे उत्तर आधीच तयार ठेवलेले असते. वीस हजारांतले पाच हजार परत करूनही पंधरा त्यांच्याकडे राहतात. बदल्यात त्यांना जे मिळते त्याची किंमत नंतर लाखांत वसूल होते. घरात कोणी ‘हे फसवणुकीचे तर नाही ना?’ असे विचारले, तर यापुढे हेच गृहस्थ त्या ॲपची वकिली करतील : ‘अरे, मी पैसे काढून बघितलेत.’

ते पाच हजार आले कुठून, हे मात्र कोणी पाहत नाही. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पाठवणाऱ्याचे नाव असते. ते ना त्या ‘परदेशी कंपनी’चे असते, ना कुठल्या दलाल पेढीचे. कुठल्या तरी शहरातल्या अमुक ट्रेडर्सचे चालू खाते असते, किंवा एखाद्या तरुणाचे बचत खाते. कमिशनच्या बदल्यात वापरायला दिलेली ही भाड्याची खाती, पोलिसांच्या भाषेत म्यूल खाती. त्यांत येणारा पैसा बहुधा दुसऱ्या कोणा फसलेल्याचा असतो. त्यामुळे आणखी एक विचित्र प्रकार घडतो. त्या दुसऱ्याने आपल्या राज्यात तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलीस या पाच हजारांपर्यंत पोचतात आणि पुण्यातल्या गृहस्थांचे पेन्शनचे खातेच गोठवायला सांगतात. आपण फसलो आहोत हे काही जणांना पहिल्यांदा कळते ते असे, बँकेच्या काउंटरवर.

आता ॲपच्या आतले. त्यात दिसणारे बाजारभाव बहुधा खरे असतात. टीव्हीवर जो भाव चालू आहे तोच इथे दिसतो, म्हणून पडताळून पाहणाऱ्याचा विश्वास आणखी बसतो. खोटी असते ती फक्त ‘तुमच्याकडे किती’ ही ओळ. ती कुठल्या तरी संगणकावर बसलेला माणूस हाताने बदलू शकतो. सौदा बाजारात गेलेलाच नसतो. आणि सौदा बाजारात गेला की नाही, हे कळायचे मार्ग ॲपच्या बाहेर आहेत. खऱ्या दलालामार्फत शेअर घेतला तर त्या दिवशीच्या सौद्याचा मेसेज शेअर बाजाराकडून तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर येतो. शेअर जमा होतात ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोनपैकी एका डिपॉझिटरीतल्या तुमच्या डिमॅट खात्यात. तुमच्या पॅनवरच्या साऱ्या गुंतवणुकीचे एकत्रित विवरणही तिथूनच येते. ॲपमध्ये आठ लाखांचे शेअर आणि या विवरणात त्यांचा मागमूस नाही, असे असेल तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. पण हे विवरण ईमेलमध्ये न उघडता पडून असते आणि ॲप दिवसातून वीसदा उघडले जाते.

आपल्या गृहस्थांनी जुलैत दोन लाख भरले. ऑगस्टमध्ये मुदत ठेव मोडून आठ लाख. दर वेळी पैसे भरायचे खाते वेगळे होते. ‘कंपनीची मर्यादा संपली, आज या खात्यात टाका’ असे ॲपमधला ‘कस्टमर केअर’ सांगायचा. सप्टेंबरमध्ये एका गाजलेल्या आयपीओसाठी ॲपमधून अर्ज केला आणि दोन दिवसांत अभिनंदनाचा मेसेज आला : तुम्हाला ४५० रुपयांच्या भावाने ४,००० शेअर लागले, चोवीस तासांत १८ लाख भरा, नाहीतर आधीची सगळी रक्कम गोठेल. गृहस्थांकडे कसेबसे पंधरा जमले. बाई म्हणाली, ‘तीन मी घालते, तुम्ही मला नंतर द्या.’ ॲपमध्ये तीन लाख जमा झालेले दिसलेसुद्धा. ते तीन लाख कधी कुठे अस्तित्वातच नव्हते, पण गृहस्थ आता तिच्या उपकाराखाली आले.

आयपीओची प्रत्यक्षातली पद्धत ठाऊक असती तर हा डाव तिथेच उघडा पडला असता. सामान्य गुंतवणूकदार अर्ज करतो तेव्हा पैसे त्याच्याच बँक खात्यात अडकवून ठेवले जातात. शेअर लागले तर तेवढेच वळते होतात, नाही लागले तर अडक सुटते. अर्जाच्या रकमेपेक्षा जास्त शेअर लागूच शकत नाहीत. आधी शेअर लागले आणि मग पैसे भरा, हा क्रमच उलटा आहे. गाजलेल्या आयपीओत एक लॉट लागला तरी लोक पेढे वाटतात, तिथे चार हजार शेअर कसे लागतील? मोठ्या संस्थांच्या खात्याचेही तसेच. परदेशी गुंतवणूकदार संस्थांसाठीचा मार्ग भारतात राहणाऱ्या भारतीयांना खुला नाही आणि ‘इन्स्टिट्यूशनल अकाउंट’मधून सामान्यांना शेअर घेता येतात असे सांगणाऱ्यांपासून सावध राहा, असे सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावले होते.

सप्टेंबरअखेर स्क्रीनवर ९२ लाख दिसत होते. गृहस्थांनी खरोखर भरलेले २५ लाख २० हजार, हाती आलेले पाच हजार. आता त्यांनी सगळी रक्कम काढायला टाकली. कस्टमर केअरचे उत्तर आले : नफा ६३ लाख ८५ हजार, त्यावर वीस टक्के कर १२ लाख ७७ हजार, तो आधी भरा. ‘माझ्याच रकमेतून कापून घ्या’ असे त्यांनी लिहिले. उत्तर होते, ‘नियमात बसत नाही.’ अर्थातच बसत नाही, कारण कापून घ्यायला तिथे काही नाहीच. भारतात राहणारा माणूस शेअरच्या नफ्यावरचा कर आयकर खात्याकडे भरतो. तो दलालाच्या किंवा ॲपच्या खात्यात भरायचा नसतो आणि तो भरल्याशिवाय तुमचेच पैसे मिळणार नाहीत, अशी अट कुठेच नाही. तरीही कराची ही मागणी आली की पुष्कळ जण भरतात. पंचवीस लाख गेले असे मानण्यापेक्षा आणखी तेरा भरले की ९२ सुटतील असे मानणे त्या क्षणी सोपे जाते. कर भरला की ‘मनी लाँडरिंग तपासणी शुल्क’ येते, मग आणखी काही.

हे ज्यांना बाजाराचे काही कळत नाही त्यांच्याच बाबतीत घडते असे कोणाला वाटत असेल, तर अमेरिकेतले एक उदाहरण पाहावे. कॅन्सस राज्यातल्या एल्कहार्ट या छोट्या गावात हार्टलँड ट्राय-स्टेट नावाची बँक होती. तिचे मुख्याधिकारी शान हेन्स आयुष्यभर बँकिंगमध्ये मुरलेले, गावात वजन असलेले. व्हॉट्सॲपवर भेटलेल्या अनोळखी लोकांच्या नादाने २०२२ च्या अखेरीस ते क्रिप्टोत पैसे घालू लागले. आधी स्वतःचे, मग मुलीच्या कॉलेजसाठी साठवलेले ६० हजार डॉलर, चर्चचे ४० हजार आणि गावातल्या गुंतवणूक मंडळाचे १० हजार. शेवटी २०२३ च्या मे अखेरीपासून सुमारे सहा आठवड्यांत त्यांनी आपल्याच बँकेतून ४ कोटी ७१ लाख डॉलर बाहेर पाठवले. त्यांच्या हाताखालच्या लोकांनी ते पाठवू दिले, कारण सांगणारा साहेबच होता. २८ जुलै २०२३ रोजी बँक बुडाली. ऑगस्ट २०२४ मध्ये हेन्स यांना २४ वर्षे ५ महिन्यांची शिक्षा झाली.

या कहाणीत आम्हाला सगळ्यांत बोलका वाटतो तो शेवटाकडचा एक प्रसंग. अडकलेले पैसे सोडवण्यासाठी हेन्स यांनी एका सधन शेजाऱ्याकडे १ कोटी २० लाख डॉलर उसने मागितले. शेजारी काही बँकिंगमधला तज्ज्ञ नव्हता. त्याने ऐकून घेतले, ही फसवणूक आहे असे तोंडावर सांगितले, पैसे दिले नाहीत आणि बँकेच्या संचालकांना कळवले. हेन्सना जे दिसत नव्हते ते त्याला लगेच दिसले, कारण त्याने त्या ॲपवर आकडे वाढताना पाहिले नव्हते आणि पलीकडच्या माणसाशी महिनोन्महिने गप्पाही मारल्या नव्हत्या. म्हणून पलीकडच्यांचा पहिला आग्रह असतो तो गुप्ततेचा : घरी सांगू नका, बँकेत विचारले तर घरदुरुस्तीसाठी म्हणा. मुदत ठेव मोडताना काउंटरवरच्या मुलीने कारण विचारले आणि आपल्याला खोटे कारण सांगावे लागले, तर थांबायची जागा तीच.

पलीकडे टाइप करणारा कोण असतो, हेही सांगायला हवे. ती बाई बहुतेक वेळा बाई नसते, आणि मोकळी तर नसतेच नसते. कंबोडियातले सिहानुकविल, थायलंडच्या सीमेला लागून असलेला म्यानमारचा म्यावड्डी भाग, लाओसमधला सुवर्ण त्रिकोण अशा ठिकाणी काटेरी तारांच्या आत मोठमोठी संकुले आहेत. चांगल्या पगाराच्या नोकरीच्या आमिषाने नेलेली मुले तिथे पासपोर्ट काढून घेऊन बसवली जातात. दिवसाला इतके मेसेज, महिन्याला इतकी वसुली. चुकले तर मार. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक असे सक्तीने कामाला जुंपलेले असू शकतात. मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या मे सोत इथून हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून साठहून अधिक भारतीयांची सुटका केल्याचे जाहीर केले. म्हणजे पुण्यातल्या गृहस्थांना ‘चहा झाला का सर’ विचारणारा कोणी मराठी मुलगाही असू शकतो. त्याच्याबद्दल वाईट वाटावे आणि तरीही त्याला उत्तर देऊ नये.

सेबीने अलीकडे एक कामाची सोय केली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत दलाल आणि म्युच्युअल फंड यांच्यासाठी यूपीआयचे वेगळे पत्ते आले. दलालाच्या पत्त्यात .brk आणि त्यानंतर @valid हे शब्द असतात, फंडाच्या पत्त्यात .mf. पैसे भरताना स्क्रीनवर हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. दिलेले खाते खरोखर त्या दलालाचे आहे का हे ‘सेबी चेक’वर पाहता येते. दलालाचा नोंदणी क्रमांक INZ ने सुरू होतो. मात्र नुसता क्रमांक पाहून भागत नाही. ठग खऱ्या दलालाचा खरा क्रमांक बिनदिक्कत छापतात. फसवणारे ॲप, नाव, क्रमांक, प्रमाणपत्र सगळ्याची नक्कल करू शकतात, पण पैसे जिथे जाणार ते खाते त्यांना त्यांच्याच ताब्यातले द्यावे लागते. म्हणून पाहायचे ते खाते. अमुक ट्रेडर्स, तमुक एंटरप्रायझेस असे नाव दिसले की तिथून पुढे एक रुपयाही जाता कामा नये.

आमचे बँकांशी भांडण याच जागी आहे. मुदत ठेव मोडणाऱ्या ज्येष्ठाला दोन प्रश्न विचारा, अशा सूचना निघतात आणि त्या योग्यच आहेत. पण सारा भार पैसे पाठवणाऱ्या शाखेवर आणि खुद्द ग्राहकावर टाकला जातो. महिनाभरापूर्वी उघडलेल्या चालू खात्यात एका दुपारी पंधरा अनोळखी लोकांकडून लाखो रुपये येतात आणि संध्याकाळपर्यंत दहा वाटांनी निघून जातात, तेव्हा ते खाते चालवणाऱ्या बँकेला काहीच कसे खटकत नाही? दुकान आहे की नाही हे न पाहता दुकानाच्या नावाने खाते उघडणाऱ्या शाखेने फसलेल्याच्या नुकसानीतला वाटा उचलावा, असा नियम होईपर्यंत भाड्याच्या खात्यांचा बाजार थंडावणार नाही.

आणि हे वाचताना ज्यांच्या फोनमध्ये असे एखादे ॲप आत्ता उघडे असेल, त्यांच्यासाठी. कर म्हणून, दंड म्हणून, काहीही म्हणून आणखी पैसे भरू नका. चॅट पुसू नका, ॲप काढून टाकण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट घ्या. बँकेच्या स्टेटमेंटमधून प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक उतरवून घ्या आणि १९३० ला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसा पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवला गेला तरच हाती लागतो, एकदा त्याचे क्रिप्टो झाले की आशा फार थोडी. काही आठवड्यांनी ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन येईल, तोही त्याच गोतावळ्यातला समजा. मुलाला काय वाटेल, सून काय म्हणेल, या विचारात लोक चार-चार दिवस घालवतात. घरच्यांना रात्री सांगता येईल. १९३० ला आत्ता लावा.